चव्वेचाळीस टक्के, पण कशाचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ७२. दोन दिवसांपासून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होत होती. तपासले तर चेहरा पांढराफटक, नाडी जलद, हिमोग्लोबिन ७. जठरात कुठे तरी रक्तस्राव होत होता, हे उघड होते. कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "गुडघ्यासाठी अधूनमधून वेदनाशामक घेतो. आणि रोज एक अ‍ॅस्पिरिन. तीन महिने झाले."

"अ‍ॅस्पिरिन कोणी दिली?"

गुरुजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ज्येष्ठ नागरिक संघाचे मासिक परिपत्रक होते ते. चौकटीत छापले होते : 'अ‍ॅस्पिरिन घेतल्याने हार्ट अटॅकचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी होते, असे २२ हजार डॉक्टरांवरील संशोधनात सिद्ध झाले आहे.' खाली माझे नाव होते.

वाचकहो, गुरुजींना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दुर्बिणीने तपासल्यावर जठरात अल्सर सापडला. दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. आता ते ठणठणीत आहेत. पण तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि आजचा लेख त्याच्यावरच आहे.

झाले होते असे. संघात मी अ‍ॅस्पिरिनवर व्याख्यान दिले होते आणि दीड पानाचे टिपण चिटणिसांना दिले होते. परिपत्रकात जागा दोन ओळींची. त्यांनी टिपण आवरून आणले, तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी एक नजर टाकली. ४४ बरोबर, २२ हजार बरोबर. "ठीक आहे, छापा," म्हणालो. आकडे जुळले म्हणजे मजकूर जुळला, असे मी धरून चाललो. चूक चिटणिसांची नव्हे, माझी.

गुरुजींना पाठवल्यावर त्या रात्री मी मूळ निबंध, माझे टिपण आणि ती चौकट शेजारी शेजारी ठेवून बसलो. प्रथम आकडे घेतले.

हा अभ्यास अमेरिकेतला, १९८९ साली प्रसिद्ध झालेला. २२,०७१ डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटाला अ‍ॅस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. म्हणजे अ‍ॅस्पिरिन २२ हजारांनी घेतली नव्हती, निम्म्यांनी घेतली होती. सरासरी पाच वर्षांत नुसत्या गोळीच्या गटात २३९ जणांना हार्ट अटॅक आला, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १३९ जणांना. २३९ वरून १३९, म्हणजे शंभर कमी. साध्या हिशेबाने ही घट ४२ टक्के होते. वय वगैरे गोष्टींचा मेळ घातल्यावर निबंधात ती ४४ टक्के आहे. आकडा खराच आहे.

पण ४४ टक्के कशाचे? प्रत्येक गटात सुमारे ११ हजार माणसे होती. हजारी हिशेब केला तर अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्या हजारांपैकी पाच वर्षांत सुमारे २२ जणांना अटॅक आला आणि घेणाऱ्या हजारांपैकी सुमारे १३ जणांना. हजार माणसांनी पाच वर्षे गोळी घेतली तेव्हा नऊ जणांचा अटॅक टळला. उरलेल्या बहुतेकांना गोळी न घेताही अटॅक येणार नव्हता. गुरुजी मात्र म्हणाले होते, "मला वाटले, शंभरातल्या चव्वेचाळीस जणांचा अटॅक टळतो." चौकट वाचून दुसरे काय वाटणार? टक्केवारी ठेवली आणि ती कशाची हे गाळले, की आकडा अचूक राहूनही खोटे बोलू लागतो.

मग मी मर्यादा दाखवणारे शब्द पाहिले. निबंधात ज्या ज्या शब्दाने विधान आखून दिले होते, त्याखाली लाल रेघ मारली आणि तो चौकटीत आहे का ते शोधले. 'पुरुष' नाही. 'वय ४० ते ८४' नाही. 'पूर्वी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला नाही' नाही. जठराचा अल्सर असलेल्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते, तेही नाही. फायदा दिसला तो फक्त पन्नाशी ओलांडलेल्यांत, याचाही पत्ता नाही. आणि मात्रा? अभ्यासात ३२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसाआड दिली होती. चौकटीत मात्राच नव्हती, म्हणून गुरुजींनी तीच गोळी रोज घेतली, म्हणजे दुप्पट. सात लाल रेघांपैकी एकही शब्द दोन ओळींत उतरला नव्हता.

'सिद्ध झाले आहे' हे शब्द मात्र होते, आणि तेही अर्धेच खरे. अटॅक कमी होतात हे निर्णायकपणे दिसले, पण पक्षाघात आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, असे निबंधकारांनी त्याच दमात लिहिले होते.

शेवटी एकूण अर्थ. मूळ मजकूर एका तराजूसारखा होता. एका पारड्यात टळलेले अटॅक. दुसऱ्या पारड्यात जठराचे अल्सर (अ‍ॅस्पिरिनच्या गटात १६९, दुसऱ्यात १३८), रक्त द्यावे लागलेले रुग्ण (४८ आणि २८), आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचे थोडे वाढलेले प्रमाण. अल्सर आणि मेंदूतला रक्तस्राव यांतला फरक योगायोगाचाही असू शकेल इतका होता, पण दिशा स्पष्ट होती. शिवाय हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले एकूण मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते, ८१ आणि ८३. माझ्या टिपणात ही दोन्ही पारडी होती. चौकटीत एकच उरले. एक शब्दही खोटा न लिहिता अर्थ फिरला होता, आणि जे पारडे गळले त्यातच गुरुजींचा आजार होता.

टिपणात आणखी एक गोष्ट होती. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक सत्तरीच्या पुढचे, आणि स्त्रियाही होत्या. रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेऊन हृदयविकार व पक्षाघातात लक्षणीय घट झाली नाही. मोठा रक्तस्राव मात्र शंभरी जवळजवळ चार जणांना झाला. न घेणाऱ्यांत शंभरी तिघांपेक्षा किंचित कमी. गुरुजींच्या वयाला लागू पडणारा अभ्यास हा होता, आणि जागेअभावी गळला तोही हाच.

दुसऱ्या महिन्यात मी चिटणिसांना दुरुस्तीचा मजकूर दिला. या वेळी त्यांनी शीर्षक दिले : 'ज्येष्ठांनी अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.' छापण्याआधी त्यांनी तो कागद संघातल्या एका सदस्यांना दाखवला. त्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला, "डॉक्टर, ह्यांची अ‍ॅस्पिरिन उद्यापासून बंद करू ना?" माझ्या अंगावर काटा आला. ज्याला अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्याच्यासाठी ही गोळी तराजूत फार जड असते. ती मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. 'पूर्वी हृदयविकार नसलेल्या' हे शब्द गळले, आणि आधीच्या चौकटीने जे एका बाजूने केले तेच शीर्षक दुसऱ्या बाजूने करायला निघाले होते.

तेव्हा मी आणि चिटणीस एकत्र बसलो. आम्ही मजकूर संक्षेपाकडून मुळाकडे असा उलटा वाचला. प्रत्येक विधानावर बोट ठेवून मुळातले वाक्य शोधले. ज्याला मुळात वाक्य सापडले नाही ते काढले. मग मुळाकडून संक्षेपाकडे आलो आणि प्रत्येक लाल रेघेला विचारले : हा शब्द गाळला तर वाचणारा काही वेगळे करील का? 'अमेरिकेतले डॉक्टर' गाळून चालले. 'पूर्वी हृदयविकार नसलेले' गाळून चालणार नव्हते. निरोगी वृद्धांचा अभ्यास मुख्य केला, कारण वाचणारे वृद्ध होते. शेवटी ही चौकट तयार झाली :

'ज्यांना पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही, अशा सत्तरीच्या पुढच्या लोकांना रोज अ‍ॅस्पिरिन घेऊन हृदयविकारापासून लक्षणीय संरक्षण मिळाले नाही, उलट शंभरात सुमारे एकाला जादा मोठा रक्तस्राव झाला (२०१८चा अभ्यास). त्यांनी ती मनाने सुरू करू नये. अटॅक, पक्षाघात किंवा स्टेंटमुळे डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नये.'

दोन ओळींच्या सहा झाल्या. चिटणिसांनी कुरकुर केली, पण वाढदिवसाची यादी पुढच्या अंकावर ढकलली.

तरी एक परीक्षा उरली होती. लिहिणाऱ्याला मूळ ठाऊक असते, त्यामुळे गाळलेला शब्दही त्याला दिसत राहतो. म्हणून ही चौकट आमच्या कंपाउंडरला वाचायला दिली. त्याने टिपण पाहिलेले नव्हते. कागद काढून घेतला आणि विचारले, "तुझ्या आजोबांना काय सांगशील?" तो म्हणाला, "त्यांना अटॅक आलेला नाही, म्हणून आपल्या मनाने घेऊ नका म्हणेन. पण शेजारच्या काकांची बायपास झाली आहे, त्यांचे तुम्हाला विचारेन." बायपासचा शब्द आमच्या चौकटीत नव्हता. तो आम्ही स्टेंटच्या शेजारी घातला, आणि मग कागद छापायला गेला.

वाचकहो, औषधाविषयी चार ओळींची चौकट वाचाल, तेव्हा टक्क्यांच्या आकड्याला विचारा : किती जणांपैकी, किती वर्षांत? मग पाहा, ही माणसे माझ्या वयाची, माझ्या प्रकृतीची होती का, आणि दुसरे पारडे कुठे आहे? उत्तर चौकटीत नसेल तर कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. अ‍ॅस्पिरिन चालू असताना शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर मात्र कागदाची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.