पडद्यावरचा सोफा खरंच सात फुटांचा असतो का?

फोनचा कॅमेरा हॉलकडे धरला, सोफा निवडला आणि तो भिंतीशी जाऊन बसला. फर्निचरच्या दुकानांची ही सोय आता अनेकांच्या ओळखीची झाली आहे. आयकियाने 2017 मध्ये असं अ‍ॅप आणलं, त्याच वर्षी अ‍ॅपलने आयफोनमध्ये ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची, म्हणजे ‘एआर’ची, यंत्रणा दिली होती. पण पडद्यावर मावलेला सोफा घरात मावेलच, असं कधी म्हणता येतं?

पहिली अट मॉडेलची. सोफ्याची त्रिमितीय फाइल बनवणाऱ्याने मापं कोणत्या एककात दिली, यावर सगळं उभं असतं. वेबवर आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या `.glb` फाइलमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर धरला जातो. सात फुटांच्या सोफ्याची लांबी तिथे 2.13 हवी. ती सेंटिमीटरच्या सवयीने 213 अशी गेली, तर सोफा दोनशे मीटरांचा होतो. ही चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक वेगळी असते: काही अ‍ॅपमध्ये दोन बोटांनी सोफा लहानमोठा करता येतो आणि नकळत तो जागेपुरता आक्रसतो. म्हणून वेबसाइटवर `<model-viewer>` वापरणाऱ्या दुकानदाराने त्यात `ar-scale="fixed"` लिहून ही मुभा बंद करावी.

दुसरी अट फोनची. एका कॅमेऱ्याला अंतर थेट कळत नाही. जवळची छोटी खुर्ची आणि लांबची मोठी खुर्ची चित्रात सारखीच दिसू शकते. म्हणून आपण फोन हलवतो तेव्हा तो फरशीवरचे डाग, सांधे, सतरंजीची नक्षी असे ठळक बिंदू टिपतो आणि ते चित्रात किती सरकले हे पाहतो. त्याच वेळी आतले गतिमापक सेन्सर फोन प्रत्यक्षात किती हलला याचा अंदाज देतात. दोन्ही जुळवून फरशी किती खाली आहे, ते ठरतं. काही महागड्या फोनमधला लायडार हे अंतर थेट प्रकाशाने मोजतो.

गडबड होते ती गुळगुळीत विट्रिफाइड फरशीवर. तिच्यावर ठळक बिंदू कमी आणि खिडकीची, दिव्याची प्रतिबिंबं जास्त. प्रतिबिंब फरशीच्या खाली असल्यासारखं दिसतं, त्यामुळे फोनची फरशीही खाली जाऊ शकते. समजा, फोन 140 सेंटिमीटर उंचीवर धरला आहे आणि त्याने फरशी 150 सेंटिमीटर खाली धरली. मग सोफा त्या खोट्या फरशीवर ठेवला जातो आणि खऱ्या फरशीवर तो 14/15 पटच जागा व्यापताना दिसतो. सात फुटांचा सोफा साधारण साडेसहा फुटांचा भासतो. भिंतीशी पावणेसात फूट जागा असेल, तर पडद्यावर तो बसेल, घरात बसणार नाही.

ही चूक ओळखता येते. सोफा ठेवून त्याच्याभोवती फिरा. त्याचे पाय फरशीच्या सांध्यांवरून सरकताना दिसले, तर पातळी चुकली आहे. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे जमिनीवर सात फुटांची मास्किंग टेप चिकटवून सोफ्याची टोकं तिच्याशी जुळतात का, ते पाहणं. जुळत नसतील, तर फरशीवर वर्तमानपत्र पसरून पुन्हा स्कॅन करा. त्यावरची अक्षरं फोनला भरपूर बिंदू देतात.

माप बरोबर असूनही सोफा हवेत तरंगतोय असं वाटलं, तर दोष उजेडाचा असतो. पायांखाली, फरशीला टेकतो तिथे, गडद आणि मऊ सावली नसेल, तर डोळा त्याला जमिनीवर मानत नाही. एआर यंत्रणा कॅमेऱ्याच्या चित्रावरून उजेडाची तीव्रता आणि रंग अजमावते. घरातल्या पिवळसर बल्बचा रंग सुमारे 2700 ते 3000 केल्विन असतो, पांढऱ्या ट्यूबचा 6500 च्या आसपास. सोफ्यावर तसाच रंग पडायला हवा. गुगलच्या एआरकोरमध्ये मुख्य प्रकाशाची दिशाही अंदाजली जाते, म्हणजे खिडकी डावीकडे असेल तर सावली उजवीकडे पडते.

मात्र फोनने खोलीचा थोडाच भाग पाहिलेला असतो. उरलेला उजेड तो अंदाजाने भरतो. खिडकी आणि ट्यूब एकाच वेळी असतील, तर मुख्य दिवा एकच धरला जातो. मॉडेलच्या कापडाच्या चित्रातच स्टुडिओतल्या सावल्या रंगवलेल्या असतील, तर कोणताही अंदाज त्या पुसू शकत नाही. म्हणून ठेवण्याआधी फोन सावकाश चारही बाजूंना फिरवून खोली दाखवावी.

एआरवरून सोफा कुठे शोभेल, वाट अडेल का, हे ठरवावं. लांबीचा निर्णय मात्र टेपने घ्यावा आणि रंगाचा निर्णय कापडाचा तुकडा घरी आणून, दिवसा आणि दिवा लावून पाहिल्यावरच.