एक चित्र, पाच सबनेट आणि बदलत गेलेली उत्तरं

दोन राउटर, सात स्विच आणि मधोमध एक लाल वाकडी रेघ. नांदेड आणि लातूरच्या मुलांना नेटवर्किंग शिकवताना हे चित्र मी या ना त्या रूपात वर्षानुवर्षं वापरत आलो. डावीकडचा राउटर नांदेडचा, उजवीकडचा लातूरचा. आपल्या भागात ही मांडणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नांदेडला आहे आणि एक परिसर लातूरला. दोन गावांत एक संस्था आणि मध्ये एक लांबलचक तार, हे मुलांच्या डोळ्यांसमोरच असतं. चित्रातले आकडे मात्र मी सरावासाठी ठरवलेले आहेत: नांदेडच्या लॅबमध्ये १०० संगणक आणि कार्यालयात ४०, लातूरच्या लॅबमध्ये ६२ आणि कार्यालयात २०. पत्ते वाटायला एकूण ५१२ जागा, म्हणजे `192.168.40.0/23`.

चित्र तेच राहिलं. त्याचं बरोबर उत्तर कोणतं, हे मात्र या काळात बदलत गेलं.

सुरुवातीच्या काळात हाताशी असलेली पुस्तकं जुन्या वळणाची होती. सबनेटिंगचं मूळ मानक १९८५ चं, RFC 950. सगळे सबनेट एकाच मापाचे कापायचे, ही त्या काळची रीत. कारणही रास्त होतं: RIP च्या पहिल्या आवृत्तीत राउटर एकमेकांना नेटवर्कचा पत्ता कळवत, पण मास्क कळवत नसत, त्यामुळे माप सगळीकडे सारखंच असणं भाग होतं. आता हे आपल्या चित्राला लावून पाहा. सर्वांत मोठ्या गटाला १२८ पत्त्यांचा तुकडा लागतो. पाच सबनेट गुणिले १२८ म्हणजे ६४०. हातात ५१२ आहेत, म्हणजे गणितच सुटत नाही. मग मुलं पाचही ठिकाणी स्वतंत्र क्लास सी नेटवर्क देऊन मोकळी होत. दोन राउटरांमधल्या तारेला दोनच पत्ते लागतात, तिथे २५२ पडून राहत.

CIDR १९९३ मध्येच आलं होतं, पण आपल्या वर्गांपर्यंत ते बऱ्याच उशिरा पोचलं. गरजेप्रमाणे लहान-मोठे तुकडे कापण्याची पद्धत, VLSM, अभ्यासक्रमात रुळली आणि हेच चित्र ५१२ पत्त्यांत आरामात बसू लागलं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर चित्राचं रूप पालटलं. फळा गेला आणि पॅकेट ट्रेसरचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर येऊ लागले. उत्तर चुकण्याची एक जागा तेव्हा मला नव्यानं दिसली. मुलं पत्त्यांच्या गणितात फारशी चुकत नव्हती, त्याआधीच चित्र वाचताना चुकत होती. फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबला जातो आणि `Fa0/0` की `Fa0/1` हे कळेनासं होतं. कधी एका पोर्टचं नाव दुसऱ्या तारेखाली झाकलं जातं, कधी कडेचा स्विच अर्धा कापला जातो. मग मी दोन गोष्टी सांगू लागलो. पॅकेट ट्रेसरच्या प्रेफरन्सेसमध्ये पोर्टची नावं कायम दिसतील अशी सोय सुरू करा, आणि चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तरीही एखादं पोर्ट वाचता आलं नाही, तर यादीत तसं स्पष्ट लिहा. अंदाजानं भरलेलं पोर्ट पुढे खऱ्यासारखंच दिसतं आणि कमांड देताना घात करतं.

यादी करताना आधी उपकरणं, मग तारा. आपल्या चित्रात राउटर दोन. नांदेडच्या लॅबमध्ये एकापुढे एक तीन स्विच, कार्यालयात एक, लातूरच्या लॅबमध्ये दोन, कार्यालयात एक. संगणक सोडून उपकरणं झाली नऊ. तारा मोजायच्या: राउटर ते राउटर एक, राउटर ते स्विच चार, स्विच ते स्विच तीन, म्हणजे आठ. इथे एक पडताळा करता येतो. कुठेही वेढा नसलेल्या चित्रात तारा उपकरणांपेक्षा बरोबर एकनं कमी असतात. आठाऐवजी सात भरल्या तर एक रेघ नजरेतून सुटली आहे. नऊ भरल्या तर कुठेतरी वेढा आहे किंवा एक तार दोनदा मोजली गेली आहे.

सबनेट किती, हे या यादीतूनच निघतं. राउटरचं प्रत्येक वापरात असलेलं पोर्ट एका सबनेटमध्ये जातं. स्विच ते स्विच तारेला वेगळं सबनेट नसतं. आठातून त्या तीन वजा केल्या की पाच राहतात. सर्वांत जास्त मुलं इथेच अडखळत. लॅबच्या तीन स्विचना तीन सबनेट देत आणि पुढचं सगळं नीटनेटकं गणित वाया जाई.

दुसरी चूक लातूरच्या लॅबची. तिथे ६२ संगणक आहेत आणि `/26` मध्ये वापरता येणारे पत्तेही ६२च. मुलं खुशीत `/26` लिहीत. पण राउटरच्या पोर्टला गेटवे म्हणून एक पत्ता लागतो, व्यवस्थापनासाठी दोन स्विचना दोन. मागणी ६५ वर जाते आणि `/25` शिवाय भागत नाही. प्रत्यक्षात ही चूक लगेच दिसत नाही. बहुतेक संगणक सुरळीत चालतात आणि शेवटी जोडलेल्या दोन-तीनांना पत्ताच मिळत नाही.

परीक्षेतलं उत्तर म्हणजे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं वाटप. ते बरोबर असतं, पण त्यात नांदेडची लॅब, लातूरची लॅब, पुन्हा नांदेडचं कार्यालय, पुन्हा लातूरचं अशी सरमिसळ होते. गेल्या काही वर्षांत मी वेगळी योजना मांडायला लावतो: आधी गावाप्रमाणे अर्धे-अर्धे पत्ते, मग त्या गावात मोठ्याकडून लहानाकडे.

```
नांदेड लॅब       192.168.40.0/25
नांदेड कार्यालय  192.168.40.128/26
नांदेड-लातूर     192.168.40.252/30
लातूर लॅब        192.168.41.0/25
लातूर कार्यालय   192.168.41.128/27
```

जागा तेवढीच लागली, पण संपूर्ण लातूर आता `192.168.41.0/24` मध्ये आलं. लातूरच्या राउटरला तारेवरचा `.254` दिला, तर नांदेडच्या राउटरवर एकच ओळ पुरते:

```
ip route 192.168.41.0 255.255.255.0 192.168.40.254
```

उद्या लातूरला नवी लॅब आली आणि तिला `192.168.41.160/27` दिलं, तर नांदेडला काहीच बदलावं लागत नाही. सरमिसळीच्या योजनेत मात्र लातूरच्या प्रत्येक सबनेटसाठी नांदेडला वेगळी ओळ लिहावी लागते, आणि एखादी राहिली की लॅबपर्यंत पिंग जातो, कार्यालयापर्यंत जात नाही.

जागेनुसार वाटप करण्याचा हा मोकळेपणा एरवी परवडतो तो खासगी पत्त्यांमुळे. फेब्रुवारी १९९६ च्या RFC 1918 नं `10.0.0.0/8`, `172.16.0.0/12` आणि `192.168.0.0/16` हे पट्टे संस्थांच्या आतल्या वापरासाठी ठेवले. बाहेरच्या IPv4 पत्त्यांची टंचाई खरीच आहे. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एप्रिल २०११ मध्ये तिच्या शेवटच्या मोठ्या पट्ट्यावर आली. आत मात्र नांदेडला `10.20.0.0/16` आणि लातूरला `10.21.0.0/16` दिलं, तरी कुणाचं काही कमी होत नाही. त्यामुळे आता पहिल्या फेरीत मी ५१२ ची अट घालतो आणि दुसऱ्या फेरीत काढून टाकतो. अट निघाल्यावरही काही मुलं सवयीनं `/27` कापत बसतात. त्यांना प्रत्येक सबनेटला सरसकट `/24` द्यायला सांगतो, म्हणजे पत्ता पाहूनच गाव आणि खोली ओळखता येते.

IPv6 मध्ये तर लॅबला आणि कार्यालयाला सारखंच `/64` मिळतं. संगणक मोजायची गरज उरत नाही. लातूरचे ६२ असोत की ६२०, माप तेच. मात्र `/64` किती लागतील, हे सांगायला आठ तारांची यादी करावीच लागते आणि त्यातल्या तीन स्विच ते स्विच आहेत, हे ओळखावंच लागतं.