गाडी विकली, फोनबुक गाडीतच

माझ्या मेव्हण्याने डीलरकडून पाच वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतली. गाडी धुऊन-पुसून अगदी चकाचक होती. सीटखालची धूळसुद्धा काढलेली. पेढे वाटून झाल्यावर आम्ही एक चक्कर मारायला निघालो. त्याचा फोन जोडून द्यावा म्हणून मी स्क्रीनवर ब्लूटूथ उघडलं, तर यादीत आधीचे तीन फोन बसलेले होते. फोनबुकच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि नावं खाली सरकायला लागली. ‘आई नवीन नंबर’, ‘स्कूल व्हॅन काका’, ‘सोसायटी वॉचमन’, ‘हार्ट डॉक्टर’. नकाशात ‘Home’ दाबलं असतं, तर गाडीने आम्हाला त्या अनोळखी माणसांच्या दारात नेऊन उभं केलं असतं. आम्ही ते दाबलं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सगळं पुसून टाकलं. पण गाडी आमच्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली असती तर, हा विचार काही डोक्यातून जाईना.

हे घडतं ते पहिल्या दिवशीच्या एका होकारामुळे. नवी गाडी फोनला जोडताना फोन विचारतो, कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी गाडीला द्यायची का? आपण घाईत ‘Allow’ दाबतो, कारण स्टिअरिंगवरच्या बटणाने फोन लावायला ते लागतंच. मग गाडी ब्लूटूथवरून आपल्या फोनबुकची नक्कल उतरवून घेते. ही नक्कल कुठे राहते ते गाडीगणिक बदलतं. काही गाड्यांत फोन दूर गेला की यादी दिसेनाशी होते, पण दिसेनाशी होणं म्हणजे पुसली जाणं नव्हे. काही गाड्यांत नंबर गाडीच्याच फोनबुकमध्ये कायमचे उतरवण्याची सोय असते. ते नंबर जोडलेल्या फोनशी बांधलेले नसतात. म्हणजे यादीतून फोन काढला तरी ते जागेवर राहू शकतात. मेव्हण्याच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

बॅटरीची वायर काढून ठेवली की सगळं जातं, असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका. घड्याळाची वेळ कदाचित जाईल, पण फोन, नंबर, पासवर्ड हे वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असतात, अगदी पेन ड्राइव्हसारखे.

वाय-फायकडे तर सहसा कुणाचं लक्षच जात नाही. नकाशा किंवा सॉफ्टवेअर अपडेट करायला आपण गाडी एकदा घरच्या वाय-फायला किंवा फोनच्या हॉटस्पॉटला जोडतो आणि विसरून जातो. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड मात्र गाडीत राहतो. 2020 साली अमेरिकेत एका संशोधकाने टेस्लाचे जुने, बदलून काढलेले स्क्रीन-कॉम्प्युटर ऑनलाइन विकत घेतले. त्यांत आधीच्या मालकांची फोनबुकं, घराचे-ऑफिसचे पत्ते आणि वाय-फायचे पासवर्ड साध्या वाचता येण्याजोग्या अक्षरांत सापडले. गाडी विकली, पण घरचा पासवर्ड तोच ठेवला, तर त्या घराच्या नेटवर्कची किल्ली गाडीबरोबर गेली असंच समजायचं. शंका असेल तर घरच्या राउटरचा पासवर्ड बदलून टाकावा. पाच मिनिटांचं काम आहे.

यंदा मी माझी स्वतःची गाडी विकली तेव्हा हे सगळं आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून केलं. यात क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी फोनचं ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट बंद केलं, बायकोच्या फोनचंही. हे केलं नाही तर आपण इकडे पुसत असताना फोन तिकडून पुन्हा जोडला जातो आणि नक्कल परत उतरू शकते. मग जोडलेल्या फोनच्या यादीत जाऊन एकेक फोन काढला. त्यात मुलाच्या मित्राचा एक फोन निघाला. गोव्याच्या सहलीत गाणी लावायला त्याने तो जोडला होता, हे आम्हा कुणाच्याच लक्षात नव्हतं. त्यानंतर गाडीचं स्वतःचं फोनबुक आणि ‘Favourites’ वेगळं उघडून पाहिलं. चार नंबर शिल्लक होते, ते काढले. वाय-फायच्या सेटिंगमध्ये साठवलेली दोन नेटवर्कं होती, ती ‘Forget’ केली. नकाशातलं घर, ऑफिस आणि अलीकडची ठिकाणं पुसली.

एवढं झाल्यावर शेवटी ‘Factory Reset’ केलं. हा पर्याय बहुधा सेटिंगमध्ये सिस्टीमच्या खाली असतो. काही कंपन्या त्याला वेगळं नाव देतात, तेव्हा गाडीबरोबर आलेलं पुस्तक बघावं. रीसेट चालू असताना गाडी बंद करू नये. मग कुणी म्हणेल, रीसेटच करायचं तर आधी एकेक पुसायचं कशाला? कारण काही सिस्टीममध्ये ‘रीसेट’ नावाचं बटण फक्त आवाज आणि स्क्रीनच्या सेटिंग मूळपदावर आणतं, माणसांची माहिती तशीच ठेवतं. हाताने पुसलेलं असलं की त्या फसगतीची भीती राहत नाही. बाहेरून बसवून घेतलेला अँड्रॉइड स्टिरिओ असेल, तर त्यात बहुतेक वेळा आपलं गुगल अकाउंटही असतं. ते रीसेटच्या आधी काढावं. डॅशकॅमचं मेमरी कार्डही काढून घ्यावं.

आता फोनची बाजू. आयफोनवर सेटिंग, जनरल, कारप्लेमध्ये गाडीचं नाव निवडून ‘Forget This Car’ करता येतं. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्येही आधी जोडलेल्या गाड्यांची यादी असते, तिथून गाडी काढायची.

एक गोष्ट मात्र स्क्रीनवरून पुसली जाईलच असं नाही, ती म्हणजे कंपनीचं ॲप. सुझुकी कनेक्ट, ब्लूलिंक अशा ॲपमध्ये गाडी आपल्या नावावर कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. आयबीएममधले सुरक्षा तज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी 2017 साली एका परिषदेत आपलाच अनुभव सांगितला होता. गाडीतली माहिती पुसून त्यांनी ती परत दिली, पण पुढे कित्येक वर्षं ती गाडी त्यांच्या फोनमधल्या ॲपवर दिसत राहिली. ती कुठे आहे हे त्यांना कळायचं आणि तिचं लॉकही उघडता यायचं. इथे नुकसान नव्या मालकाचं आहे. म्हणून विकणाऱ्याने ॲपमधून गाडी काढावी, आणि तो पर्याय नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून नोंद तोडून घ्यावी. नुसतं ॲप फोनमधून उडवून ही नोंद जात नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोनचं ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट दोन्ही चालू केलं आणि गाडी स्टार्ट केली. स्क्रीनने नव्या गाडीसारखी आधी भाषा विचारली. फोनची यादी रिकामी होती, फोनबुक रिकामं होतं, वाय-फायची खूण उमटली नाही आणि माझा फोन शेजारी असूनही गाडीने त्याला ओळखलं नाही.

डीलर ‘आमची पोरं करतात सगळं साफ’ असं म्हणेल. त्याच्यावर सोडू नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करायच्या दिवशी, चावी अजून तुमच्याच हातात असताना, ही शेवटची तपासणी स्वतः करा आणि घरातल्या ज्याने-ज्याने त्या गाडीला फोन जोडला असेल त्या प्रत्येकाला विचारून करा.