स्टेंटनंतरचं डिस्चार्ज पत्र

स्टेंट बसवल्यानंतर हृदयरोगतज्ज्ञ फॅमिली डॉक्टरांना जे पत्र देतात, त्यात सर्वांत महत्त्वाची असते ती एक तारीख. समजा, हार्ट अटॅकनंतर ५८ वर्षांच्या रुग्णाला ३ मार्चला औषधयुक्त स्टेंट बसवला. पत्रात लिहिलेलं असतं: ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज एकदा, कायम, टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढच्या वर्षीच्या ३ मार्चपर्यंत. स्टेंटच्या जाळीवर आतलं अस्तर चढेपर्यंत तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून सुरुवातीला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात. सहा महिन्यांनी दात काढायची वेळ आली, तर दुसरी गोळी परस्पर बंद करायची नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं. काळी शौच झाली, तर मात्र आतल्या रक्तस्रावाची शंका घेऊन लगेच तपासणी लागते.

त्याखाली ॲटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम आणि उद्दिष्ट: एलडीएल ५५च्या खाली. चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासतात. एलडीएल ७८ आलं, तर गोळी बंद न करता जोडीला एझेटिमाइब देतात. रक्तदाबाचं उद्दिष्ट आणि पुढच्या भेटीची तारीख शेवटी असते.