हातउसन्या पैशांची आठवण देणारे पत्र

व्याजाविना, केवळ विश्वासावर दिलेल्या रकमेला हातउसने पैसे म्हणतात. मित्राकडे ती मागणाऱ्या पत्रात आरोप नसावा, मात्र रक्कम, तारीख आणि प्रसंग स्पष्ट असावा, कारण जुना व्यवहार बहुधा बेइमानीने नव्हे, तर विस्मरणाने आणि संकोचाने अडतो. ‘जून २०२१ मध्ये दुकान हलवताना दिलेल्या ४०,००० रुपयांची आता मुलीच्या प्रवेशासाठी गरज आहे, एकरकमी जमत नसेल, तर दरमहा ५,००० दिलेस तरी चालेल, कसे सोयीचे पडेल ते सहीनिशी दोन ओळींत कळव’ एवढा मजकूर पुरतो.

शेवटची विनंती महत्त्वाची आहे. भारतातील १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा रकमेच्या दाव्याची मुदत, म्हणजे न्यायालयात जाण्याची कालमर्यादा, सर्वसाधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांची असते. त्या मुदतीत ऋणकोने, म्हणजे पैसे घेणाऱ्याने, देणे लेखी व सहीनिशी मान्य केल्यास ती तेथून नव्याने मोजली जाते. वरील उदाहरणाप्रमाणे मुदत उलटून गेली असेल, तर नुसती कबुली पुरत नाही, फेडण्याचे सहीचे लेखी वचन लागते. पत्रात मात्र कायद्याचे नाव काढू नये. हप्त्यांची सवलत देऊन उत्तर मागितले, की वचन आपोआप लेखी उतरते आणि मित्राचा मानही राहतो.