तोट्याचा हिशेब: चूक किती, नशीब किती?

सौदा तोट्यात गेला की ट्रेडर सहसा दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘मार्केटच असं पडलं, कोण काय करणार?’ किंवा ‘माझंच चुकलं, घ्यायलाच नको होता.’ पहिल्यात सगळा दोष नशिबाचा, दुसऱ्यात सगळा स्वतःचा. दोन्ही वाक्यांनी मन शांत होतं, पण पुढच्या सौद्यात काय बदलायचं हे एकाही वाक्यातून कळत नाही. तोट्याचं खरं शवविच्छेदन करायचं, तर रक्कम रुपयारुपयाने वेगळी काढावी लागते: यातले किती रुपये आपल्या निर्णयांमुळे गेले आणि किती निर्णय बरोबर असतानाही गेले?

हे कसं करायचं ते पाहायला ४ जून २०२४ हा दिवस चांगला आहे. लोकसभा निवडणुकीचा निकाल त्या दिवशी लागला. १ जूनच्या शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या होत्या. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी सव्वातीन टक्के उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणीत भाजपचं स्वतःचं बहुमत हुकताना दिसलं आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के घसरून २१,८८४.५० वर आला. दिवसभरातला तळ त्याहून बराच खाली होता.

आता एक नमुन्याचा सौदा घेऊ. बाजाराचे आकडे खरे आहेत. शेअर, त्याचे भाव आणि ट्रेडर समजण्यासाठी रचलेले आहेत. ट्रेडरचं भांडवल पाच लाख. तो स्विंग ट्रेडिंग करतो, म्हणजे शेअर घेऊन काही दिवस ते काही आठवडे ठेवतो आणि एक चाल पकडून बाहेर पडतो. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून, म्हणजे ५,००० रुपयांहून जास्त गमवायचं नाही, हा त्याचा नियम. शुक्रवारी ३१ मे रोजी एक शेअर बरेच दिवस रेंगाळून ४०० च्या पुढे सरकतो. वहीत नोंद होते: ४०० ला खरेदी, ३८४ ला स्टॉपलॉस, खरेदी एकदाच. शेअरमागे जोखीम १६ रुपये, म्हणून ३०० शेअर. सगळं फसलं तर तोटा ४,८०० रुपये. इथपर्यंत सगळं नियमात आहे.

सोमवारी एक्झिट पोलच्या तेजीत शेअर ४२४ वर जातो. ट्रेडर आणखी ३०० शेअर उचलतो. स्टॉपलॉस मात्र सगळ्या ६०० शेअरसाठी ३८४ लाच ठेवतो. मंगळवारी सकाळी तो स्टॉपलॉसची ऑर्डर लावतो: ट्रिगर ३८४, लिमिट ३८३. दुपारपर्यंत शेअर कोसळतो, ऑर्डर चालू होते, पण विकली जात नाही. ट्रेडर ‘थोडं सावरेल’ म्हणून थांबतो आणि शेवटी ३६२ ला सगळे शेअर विकून मोकळा होतो. पहिल्या ३०० वर शेअरमागे ३८ रुपये, दुसऱ्या ३०० वर ६२ रुपये. एकूण तोटा ३०,००० रुपये, भांडवलाचे सहा टक्के. ब्रोकरेज आणि कर बाजूला ठेवू.

शवविच्छेदनाचा पहिला नियम घड्याळाचा आहे. प्रत्येक निर्णय ज्या क्षणी घेतला, त्या क्षणी जे माहीत होतं किंवा माहीत करून घेता येण्यासारखं होतं, तेवढ्याच माहितीवर तो तपासायचा. पुढे काय झालं ते झाकून ठेवायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ साली दाखवलं, की डॉक्टरचा तोच निर्णय, तीच माहिती असूनही, रुग्ण वाचला असं सांगितलं तर लोक निर्णयाला चांगलं म्हणतात आणि दगावला असं सांगितलं तर वाईट. निकाल आधी माहीत असतो तेव्हा निर्णयाची परीक्षा निकालाच्याच रंगात रंगते.

म्हणून हिशेब काळाच्या क्रमाने करू.

पहिली खरेदी, ४०० ला ३०० शेअर. कारण लिहिलेलं आहे, बाहेर पडण्याची जागा लिहिलेली आहे, संख्या नियमात बसते. ती फसली, तर १६ गुणिले ३०० म्हणजे ४,८०० रुपये जाणार हे आधीच मान्य केलेलं होतं. हे ४,८०० नशिबाच्या खात्यात. शंभरपैकी ४५ सौदे जिंकणारी चांगली पद्धतही ५५ हरतेच. अशा पद्धतीत सलग पाच सौदे हरण्याची शक्यता साधारण वीसात एक असते. वर्षाला पन्नास सौदे करणाऱ्याला अशी मालिका दिसली तर त्यात नवल नाही.

त्यानंतर स्टॉपलॉस मोडला तेव्हाची घसरण. भाव ३८४ वरून धावत खाली येत असेल तर नेमक्या ३८४ ला कुणाचेच शेअर विकले जात नाहीत. किती खाली विकले गेले असते, हे अंदाजाने नाही, त्या दिवसाच्या एक मिनिटाच्या चार्टवरून पाहायचं. समजा, ३८४ तुटल्यानंतर पुढच्या मिनिटात ३८० च्या आसपास भरपूर व्यवहार झाले. मग मार्केट भावाने विकायची ऑर्डर असती, तर ३८० धरायला हरकत नाही. शेअरमागे चार रुपये, ३०० वर १,२००. हेही नशिबाचं.

३८० पासून ३६२ पर्यंतचे १८ रुपये मात्र नशिबाचे नाहीत. लिमिट असलेला स्टॉपलॉस कसा चालतो ते बघा. भाव ३८४ ला आला की ऑर्डर जागी होते, पण ती सांगते, ‘३८३ च्या खाली विकू नका.’ भाव त्याआधीच ३८२ ला गेला असेल, तर ऑर्डर तशीच लटकून राहते. शांत दिवशी ट्रिगर आणि लिमिट यांच्यात एक रुपयाचं अंतर चालून जातं. निकालाच्या दिवशी ते अंतर ठेवणं हा निर्णय होता, आणि ऑर्डर लटकलेली दिसल्यावर ती रद्द करून मिळेल त्या भावाला न विकता वाट पाहणं हा दुसरा. त्याचे १८ गुणिले ३००, म्हणजे ५,४०० रुपये चुकीच्या खात्यात.

शेवटी ४२४ ची दुसरी खरेदी. तिचे १८,६०० रुपये पूर्णपणे चुकीच्या खात्यात जातात, कारण हे ३०० शेअर वहीतल्या योजनेत नव्हतेच. शिवाय ४२४ ला घेऊन ३८४ ला बाहेर पडायचं, तर शेअरमागे जोखीम ४० रुपये होते. पहिली खरेदी नसतीच, तरी ५,००० च्या मर्यादेत फक्त १२५ शेअर बसले असते.

बेरीज अशी: नशिबाचे ६,०००, निर्णयांचे २४,०००. ‘मार्केटच पडलं’ या वाक्यात जेमतेम पाचवा हिस्सा सत्य आहे. ‘घ्यायलाच नको होता’ हेही खरं नाही. ४०० ची खरेदी योग्य होती.

यावर कुणी म्हणेल, एक्झिट पोल चुकतील हे सोमवारी कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. निकाल कोणत्या बाजूला झुकेल हे नशीब होतं. पण त्या दिवशी बाजार मोठा हलेल, हे नशीब नव्हतं. मतमोजणीची तारीख १६ मार्चलाच जाहीर झाली होती. २००४ मध्ये अंदाज उलटले आणि निकालानंतर १७ मे रोजी सेन्सेक्स एका दिवसात ११ टक्क्यांहून अधिक कोसळला. २००९ मध्ये निकालानंतरच्या सोमवारी बाजार इतका वर उसळला, की व्यवहार थांबवावे लागले. दिशा दोन्ही वेळा वेगळी, उसळी दोन्ही वेळा प्रचंड. ज्याची तारीख कॅलेंडरवर छापलेली आहे अशा घटनेच्या आदल्या दिवशी माल दुप्पट करणं, ही दिशेची चूक नसून आकाराची चूक आहे. याच निकषावर पहिल्या खरेदीच्या नोंदीतही एक त्रुटी सापडते: तिच्यात ४ जूनचा उल्लेखच नाही. त्या दिवशी सगळे शेअर ठेवायचे की निम्मे काढायचे, हे शुक्रवारीच लिहायला हवं होतं. त्याची नेमकी किंमत रुपयांत लावता येत नाही, म्हणून ती त्रुटी बेरजेत न धरता शेरा म्हणून नोंदवायची. सगळंच दोन खात्यांत नीट बसतं असा आव आणला, की हिशेब खोटा होतो.

आणखी एक मोह टाळायचा असतो. ५ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक सावरला आणि शुक्रवारी, ७ जूनला, २३,२९०.१५ वर बंद झाला, म्हणजे पडझडीच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. ३६२ ला विकणाऱ्याला वाटतं, ‘स्टॉपलॉसनेच घात केला.’ घड्याळाच्या नियमानुसार ही माहिती हिशेबात येतच नाही. मंगळवारी दुपारी सरकार कुणाचं बनेल हेही स्पष्ट नव्हतं. स्टॉपलॉस काढून टाकण्याचा धडा या आठवड्यातून घेतला, तर भाव न सावरणाऱ्या पुढच्या घसरणीत त्याची किंमत मोजावी लागेल.

म्हणूनच शवविच्छेदन फक्त तोट्याचं करून भागत नाही. समजा, दुसऱ्या एकाने सोमवारी याच शेअरचे ३०० नग ४२४ ला घेतले, स्टॉपलॉस लावलाच नाही, आणि शेअर बाजाराबरोबर सावरल्यावर थोड्या नफ्यात विकले. त्याच्या वहीत हिरवा आकडा दिसेल आणि तो ती वही पुन्हा उघडणार नाही. पण त्याची चूक आपल्या ट्रेडरच्या १८,६०० रुपयांच्या चुकीहून मोठी आहे; फक्त तिचं बिल आलेलं नाही. फायद्याच्या सौद्यांनाही हेच प्रश्न विचारले नाहीत, तर वहीत फक्त दुर्दैवी चुकांची नोंद राहते आणि सुदैवी चुका सवयी बनतात.

एका सौद्यावरून पद्धत चांगली की वाईट हे ठरत नाही. त्यासाठी अशा कित्येक नोंदी साठाव्या लागतात. पण निर्णयांच्या खात्यातल्या २४,००० रुपयांवरून नियम लगेच बदलता येतात. चालू सौद्यात नव्याने खरेदी करायची तर तिची जोखीम वेगळी मोजून लिहायची आणि पहिलीसह सगळी मिळून ५,००० च्या आतच ठेवायची. निकाल, अर्थसंकल्प, कंपनीचे तिमाही आकडे यांच्या तारखा खरेदीच्या नोंदीतच टाकायच्या. अशा दिवशी स्टॉपलॉस मार्केट भावाचा लावायचा, किंवा लिमिट ठेवायचीच तर चांगली खाली. आणि रेंगाळलेला शेअर ४०० ओलांडताना ३८४ च्या स्टॉपलॉससह ३०० नग घेण्याचा नियम, ज्याने या वेळी ६,००० रुपये घालवले, तो जसाच्या तसा ठेवायचा.