‘काही नाही, बघते मी!’

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना रुग्णालयात बरंच काही समजावून सांगतात. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. भरवताना बसतं करा आणि नंतरही अर्धा तास आडवं करू नका, नाहीतर घास श्वासनलिकेत जाईल. लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. शेवटी कुणीतरी विचारतं, “घरी मदतीला कोण आहे?” बहुतेक घरांत उत्तर एकच माणूस देतो, बहुतेकदा बाईच देते: “मी आहे ना.”

दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा, हे त्या क्षणी कुणी मोजत नाही. आजवर सगळं तिनेच निभावलेलं असतं. सासऱ्यांचं आजारपण, मुलांची शिक्षणं, घराचं कर्ज. अडचण आली की नातेवाईक तिच्याकडे येतात, ती कुणाकडे जात नाही. अशा माणसाला तोंड उघडून “मला हातभार लावा” म्हणणं इतकं जड का जातं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. त्यातून कळतं ते असं, की या माणसाच्या स्वभावात खोट नसते, त्याच्या हिशेबात चूक असते.

आधी अभिमानाची बाजू बघू. आपल्याकडे देण्याघेण्याची नोंद ठेवण्याची रीत जुनी आहे. लग्नाच्या मांडवात वही घेऊन बसलेला माणूस कुणी किती आहेर केला ते लिहून ठेवतो आणि पुढे त्या घरच्या कार्याला तेवढा किंवा थोडा जास्त आहेर परत जातो. नाती टिकवणारी ही व्यवस्था आहे. पण जो आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला राहिला, त्याला घेणाऱ्याच्या बाजूला जाणं मिंधेपणाचं वाटतं. फेडता येईल असं आजारपणात काही दिसत नाही, मग उचलायचं कशाला, असा तो विचार करतो. त्यात मदत मागितली म्हणजे आपल्याला झेपत नाही हे जगजाहीर झालं, ही धास्ती असते. आजवर लोकांनी ज्या गुणासाठी नावाजलं, तोच गमावल्यासारखं होतं.

दुसरी भीती ओझं होण्याची. ती अधिक चिवट असते, कारण ती चांगुलपणाच्या वेषात येते. “त्यांचे त्यांना व्याप कमी आहेत का?” या वाक्याला कोण काय उत्तर देणार? पण त्यात एक अंदाज दडलेला आहे: मागितलं तर समोरचा वैतागेल किंवा नाही म्हणेल. हा अंदाज तपासून पाहता येतो आणि संशोधकांनी तो पाहिला आहे.

फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोघांनी 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना सांगितलं, अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा. आधी अंदाज करा, किती जणांना विचारावं लागेल? विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे 20 होता. प्रत्यक्षात सुमारे 10 जणांतच काम झालं. दुसऱ्या प्रयोगात रस्त्यावरच्या माणसाला व्यायामशाळेपर्यंत सोबत घेऊन जायचं होतं. सुमारे सात जणांना विचारावं लागेल तेव्हा एखादा येईल, असं विद्यार्थ्यांना वाटलं होतं, पण सरासरी दोन-तीन जणांना विचारलं की एक जण चालू लागत होता.

असं का व्हावं? मागणारा फक्त समोरच्याला पडणारा त्रास मोजतो: वेळ जाईल, काम खोळंबेल. समोरच्याच्या मनात मात्र दुसरंच चाललेलं असतं. तोंडावर नाही म्हणणं त्याला अवघड वाटतं आणि कुणाच्या उपयोगी पडल्याचं बरंही वाटतं. शुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांनी 2022 मध्ये नेमकी ही दुसरी बाजू तपासली. शिकागोतल्या एका सार्वजनिक वनस्पती उद्यानात काही लोकांना अनोळखी माणसाकडून आपला फोटो काढून घ्यायला सांगितलं. समोरच्याला किती गैरसोय होईल याचा अंदाज मागणाऱ्यांनी जास्त केला आणि त्याला किती बरं वाटेल याचा कमी केला. मदत करणाऱ्यांना प्रत्यक्षात त्यांनी कल्पिलं त्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

इथे मर्यादा सांगायलाच हवी. फोटो काढणं आणि महिनोन् महिने आजारी माणसाची कूस बदलणं यांची बरोबरी होऊ शकत नाही. मोठ्या, न संपणाऱ्या मागणीपुढे माणसं खरोखर थकतात, टाळूही लागतात. शिवाय लोक भिडेपोटी हो म्हणतात, म्हणजे मागणाऱ्याच्या हाती थोडा दबावही असतो. म्हणून या प्रयोगांतून “कुणालाही काहीही मागा” असा अर्थ निघत नाही. मागणी छोटी आणि नेमकी असेल, तर नकाराची भीती आपण समजतो तितकी खरी नसते, एवढाच निघतो. मोठं काम छोट्या कामांत फोडता येतं का, हा खरा प्रश्न उरतो.

अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेऊ. सांगलीसारख्या शहरातल्या चौसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. नवऱ्याची उजवी बाजू गेलेली, आधाराने बसतात, उभं राहता येत नाही. मुलगा बंगळुरात, मुलगी नाशकात. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो, तेव्हा बाई फोन अशा उंचीवर धरतात की नवऱ्याचा दाढी केलेला चेहरा दिसावा आणि मागचा पसारा दिसू नये. “छान चाललंय आमचं.” पाच महिन्यांनी त्यांची कंबर धरली आहे, झोप तुकड्यातुकड्यांत होते आहे आणि नवऱ्याच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर देणाऱ्या बाई स्वतःची रक्तदाबाची गोळी आठवड्यातून तीनदा विसरतात.

ही खूण महत्त्वाची. एकट्याने रेटणारा माणूस “थकलो” असं म्हणत नाही, म्हणून बघणाऱ्याने त्याच्या बोलण्यावर जाऊ नये. स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलल्या जाणं, बारीक गोष्टींवरून रुग्णावर ओरडणं आणि मग रडू येणं, आलेल्या माणसाला दारातूनच वाटेला लावणं, यांतून ते कळतं. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतला अभ्यास इथे लक्षात घ्यायला हवा. जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या 66 ते 96 वयाच्या माणसांवर त्यांनी सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना त्या कामाचा ताण होत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाला. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. कुणावर ओझं नको म्हणून सगळं अंगावर घेणारीच आजारी पडली, तर मुलांना एकाऐवजी दोघांकडे बघावं लागतं.

बाईंनी आधी प्रयत्न केलाच नव्हता असं नाही. शेजारच्या काकूंना त्या म्हणाल्या होत्या, “बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय, पण यांना टाकून कसं जावं कळत नाही.” काकू हळहळल्या, “हो ना, कठीणच आहे हो,” आणि आत गेल्या. बाईंनी तो नकार मानला. पण काकूंना काही मागितलंच गेलं नव्हतं, त्यांनी ऐकली ती तक्रार. एकट्याने निभावणारी माणसं अशीच आडून मागतात, आणि थेट मागितलंच तर सोबत तीनदा “नाही जमलं तरी चालेल हं” जोडतात. ऐकणाऱ्याला वाटतं, फारशी गरज दिसत नाही.

व्यायाम द्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने बाईंना उचलताना कळवळलेलं पाहिलं आणि वहीच्या पानावर आठवड्यातली सगळी कामं लिहायला लावली. मग मधोमध रेघ मारली. एका बाजूला फक्त बाईंनीच करावीत अशी कामं; ती निघाली तीन. दुसऱ्या बाजूला उरलेली: औषधं आणणं, वीजबिल, भाजी, दुपारी दोन तास सोबत, विम्याची कागदपत्रं, रात्रीची कूस. विम्याचं काम बंगळुरात बसूनही होण्यासारखं होतं, ते मुलाकडे गेलं. आठवड्यातून दोन रात्री ब्युरोची बाई ठेवायची आणि तिचे पैसे मुलीने द्यायचे असं ठरलं. मुलीला हे आधीच करायचं होतं, पण “छान चाललंय” ऐकून ती गप्प बसली होती.

काकूंना बाईंनी या वेळी असं विचारलं: “बुधवारी अकरा ते एक यांच्यापाशी बसाल का? पाणी चमच्याने द्यायचं, आडवे असताना मात्र द्यायचं नाही. बाकी काही करावं लागणार नाही.” दिवस, वेळ, काम आणि कामाची हद्द, सगळं तीन वाक्यांत आलं. काकू हो म्हणाल्या. पुढच्या बुधवारी आपणहून आल्या, आणि जाताना भरलेल्या मिरच्यांची बरणी घेऊन गेल्या. ती बाईंनी आग्रहाने दिली होती. फेडीची सोय ठेवली की मिंधेपणा बराच उतरतो, म्हणून अशा वेळी “अहो, कशाला!” म्हणून बरणी परत करू नये.

मदत करू इच्छिणाऱ्यांकडूनही एक चूक होते. “काही लागलं तर हक्काने सांगा” असं म्हणून ते निघतात आणि विचार करण्याचं, शब्द जुळवण्याचं, भीड मोडण्याचं काम त्या थकलेल्या माणसावरच टाकतात. त्याऐवजी “गुरुवारी मंडईत जातोय, तुमच्यासाठी काय आणू?” असं विचारलं तर उत्तर देणं सोपं होतं.

एका ठिकाणी मात्र थांबून नीट ऐकलं पाहिजे. “मला ओझं व्हायचं नाही” हे वाक्य बदलत बदलत “मी नसेन तर सगळे सुटतील” इथवर गेलं, तर तो अभिमानही नाही आणि भीडही नाही. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात, आपण इतरांवर भार आहोत ही खात्री आत्महत्येच्या विचारामागच्या मुख्य कारणांपैकी एक मानली आहे. असं बोलणारा शुश्रूषा करणारा असो वा रुग्ण, त्याला एकटं न ठेवता डॉक्टरांकडे न्यावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

राहिला खऱ्या नकाराचा प्रश्न, कारण तोही येतोच. बाईंच्या पुतण्याने औषधं आणायला पहिल्यांदा नाही म्हटलं, त्याच्या परीक्षा होत्या. अशा नकारानंतर माणूस ते नाव कायमचं खोडून टाकतो. न्यूआर्क, फ्लिन आणि बोन्स (म्हणजे आधीच्या व्हेनेसा लेकच) यांनी 2014 मध्ये नेमकं हेच तपासलं. एकदा नकार देणारा पुन्हाही देईल असं मागणाऱ्यांना ठामपणे वाटत होतं, पण दुसऱ्या विनंतीला हो म्हणणारे त्यांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. आधी नाही म्हटल्याची चुटपुट त्यांना लागलेली असते. बाईंनी पुतण्याचं नाव पानावर तसंच ठेवलं आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा फोन केला. आता महिन्याची औषधं तोच आणतो.